मदत हवी आहे : सीबीटीचा गृहपाठ एकाच पायरीवर अडकला आहे

मेघना_क
माझी मुलगी नववीत आहे. सोशल अँग्झायटीसाठी एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे तिची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्याची मानसोपचार पद्धत, चालू असून ठरलेल्यांपैकी निम्मी सत्रे झाली आहेत. भीतीच्या चढत्या क्रमाने लिहिलेल्या पायऱ्यांपैकी एक तिने दर आठवड्याला करून पाहायची असते. दुकानात जाऊन वस्तू मागण्याची पायरी तिने अनेकदा केली, तरी भीतीचा आकडा शंभरात साठच्या खाली येत नाही आणि वर्गात शंका विचारण्याची पुढची पायरी घ्यायला ती तयार नाही. तोंडी परीक्षा जवळ आली आहे. ही पद्धत तिला लागू पडत नाही असे समजावे का? कृपया लवकर सांगा.

विनायक
मीही लहानपणी असाच होतो. वडिलांनी गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेत माझे नाव परस्पर दिले आणि त्यानंतर माझी भीती गेली. पायऱ्या मोजत बसण्यापेक्षा तिला एकदा व्यासपीठावर उभी करा.

स्वाती (शालेय समुपदेशक)
विनायकराव, तुमचे भाषण निभावले म्हणून भीती गेली. ज्या मुलाची तिथे वाचाच बसते, ते मूल पुढच्या वर्षी शाळेत यायलाही घाबरते, आणि अशी मुले मी पाहिली आहेत.
मेघनाताई, दुकानात ती एकटी जाते का, तिथे नेमके काय करते, आणि जाण्यापूर्वी काय वाईट घडेल असे तिला वाटते, हे कळल्याशिवाय पद्धतीबद्दल काही सांगता येणार नाही.

मेघना_क
मी दाराशी उभी असते. ती चिठ्ठीवर वाक्य लिहून नेते, मोबाईलकडे पाहत बोलते आणि सुट्ट्या पैशांसाठी थांबावे लागू नये म्हणून मोजून पैसे नेते. काय घडेल असे तिला वाटते, ते कधी लिहिलेले नाही.

प्रसाद
माझ्या भाच्याच्या उपचारांत आम्हाला सांगितले होते की आकडा निम्म्यावर येईपर्यंत जागा सोडायची नाही, नाहीतर भीती उलट पक्की होते. तिला दुकानात अधिक वेळ थांबवा.

स्वाती (शालेय समुपदेशक)
प्रसाद, भीती शिगेला असताना पळ काढला तर ती टिकून राहते, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण दुकानातला व्यवहार मिनिटभराचा असतो, तिथे आकडा उतरण्याची वाट पाहता येत नाही आणि त्याची गरजही नाही. भीतीवरील उपचारांच्या अभ्यासक मिशेल क्रास्के यांच्या मांडणीनुसार, जे घडेल असे वाटत होते ते घडले नाही, हे अनुभवाने कळणे महत्त्वाचे असते. ताईंच्या मुलीला ते कळण्याची संधीच मिळालेली नाही, कारण सगळे सुरळीत झाले की ‘चिठ्ठी होती, आई होती, म्हणून निभावले’ असाच अर्थ तिला लागतो.
जाण्यापूर्वी तिने स्वतः लिहावे, उदाहरणार्थ, ‘मी अडखळले तर दुकानदार चिडेल किंवा हसेल’, आणि त्याची खात्री शंभरात किती वाटते तेही लिहावे. मग चिठ्ठीशिवाय जाऊन दोन वह्यांच्या किमती विचाराव्यात, मध्येच मुद्दाम थांबावे, दुकानदाराच्या चेहऱ्याकडे पाहावे आणि एकच वही घ्यावी. तुम्ही घरी थांबा. परतल्यावर तिला कसे वाटले यापेक्षा तिने काय पाहिले, हे लिहून घ्या. ‘तो दुकानदारच चांगला होता’ असे ती म्हणाली, तर पुढच्या वेळी दुकान बदला.
दुकान आणि वर्ग यांच्यामधले अंतरही फार आहे. तास संपल्यावर बाईंना एकटे गाठून शंका विचारणे, मग आधी ठरवलेला प्रश्न वर्गात विचारणे, अशा पायऱ्या मध्ये हव्यात. उपचारांबद्दल शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१३च्या मार्गदर्शनात मुलांसाठी साधारण ८ ते १२ सत्रे सुचवली आहेत. निम्म्या वाटेवर पद्धतीला दोष देऊ नये.

शुभांगी
डॉक्टरांचे प्रमाणपत्र देऊन तोंडी परीक्षा लेखी करून मागता येते का, ते शाळेत विचारा.

स्वाती (शालेय समुपदेशक)
शुभांगीताई, ती सवलत मिळाली तर तोंडी परीक्षा आपल्याला झेपली नसतीच, हे तिच्या मनात कायम राहील.

प्रसाद
परीक्षा या पायऱ्यांसाठी थांबणार नाही. तिथे ती गप्प राहिली तर आजवरचे कामही वाया जाईल. बाईंनी एकटीला बोलावून परीक्षा घ्यावी, एवढी विनंती तरी करायला हरकत नसावी.

स्वाती (शालेय समुपदेशक)
ती विनंती मला मान्य आहे, मात्र मुलीला विचारूनच करावी. शाळेला कळू नये असे तिला वाटत असेल, तर तो निर्णय तिच्या मानसशास्त्रज्ञांसमोर व्हावा.

मेघना_क
तिच्याशी बोलले. चिठ्ठी सोडायला आणि एकटीने जायला ती तयार आहे, मोबाईल मात्र हातात हवा म्हणते. खात्रीच्या जागी तिने नव्वद लिहिले आहे. शाळेत सांगायला तिचा ठाम नकार आहे. मोबाईल राहू दिला तर चालेल का?

स्वाती (शालेय समुपदेशक)
या वेळी राहू द्या, पण बोलताना तो पिशवीत असावा. लिहिलेला कागद पुढच्या सत्राला घेऊन जा. शाळेत सांगायचे की नाही, हा प्रश्नही तिथेच मांडा.