शब्दचर्चा: 'शिधा', 'जिन्नस', 'पायली'... किराणा दुकानाला कोणतं नाव द्यावं?

मैत्रेयी

माझा भाऊ नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ किराणा दुकान काढतोय. गाळा ताब्यात आला आहे, फळ्या ठोकून झाल्या आहेत, आता पाटीवाला नावासाठी मागे लागलाय. गिऱ्हाईक तीन तऱ्हेचं आहे. जुन्या बंगल्यांमधले सत्तरीपुढचे आजी-आजोबा, नव्या इमारतींमधली नोकरदार जोडपी आणि त्यांची शाळकरी मुलं, आणि अंबडच्या एमआयडीसीत कामाला असलेली, खोल्या करून राहणारी हिंदीभाषक मुलं. आजीने नातवाला सांगितलं तर तो बरोबर त्याच दुकानात पोचला पाहिजे, आणि खोलीवरच्या मुलाने मोबाईलवर शोधलं तर त्यालाही सापडलं पाहिजे.

घरात निघालेली यादी अशी: शिधा, जिन्नस, वाणसामान, पायली, फाटा किराणा. हे शब्द आज कानावर पडले की लोकांच्या मनात नेमकं काय येतं? आणि पुढे 'भांडार', 'स्टोअर्स', 'किराणा' यांपैकी काय जोडावं?

शब्दवेडा

डोळे मिटून 'वाणसामान' घ्या. वाण्याकडे मिळतं ते वाणसामान, इतका सरळ आणि आपला शब्द आहे. 'किराणा' फारसीतून आलेला आहे, तो टाळलेला बरा. 'भांडार' लावणार असाल तर 'भांडार' असंच लिहा, 'भंडार' नको. ते हिंदी रूप आहे, आणि मराठीत भंडार म्हटलं की जेजुरीची हळद आठवते.

अप्पा

भांडार-भंडाराबद्दल शब्दवेडा यांचं बरोबर आहे. किराणा मात्र फारसी नाही. संस्कृतात 'क्रयाणक' म्हणजे विकायचा माल, त्याच घरातला हा शब्द. गुजरातीत त्याचंच 'करियाणुं' झालं.

माझी उमर पुण्याच्या मार्केट यार्डात भुसारात गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. बाजारात 'किराणा' आणि 'भुसार' या दोन वेगळ्या गोष्टी. गहू, ज्वारी, तांदूळ, डाळी हे भुसार. साखर, गूळ, खोबरं, जिरं-मोहरी, सुकामेवा हा किराणा. जुन्या दुकानांवर 'किराणा भुसार मालाचे व्यापारी' असं दोन्ही लिहिलेलं असे ते त्यामुळेच. गिऱ्हाइकाच्या तोंडी आता दोन्ही मिळून 'किराणा' झालंय. तीन पिढ्यांना आणि हिंदीवाल्यांनाही एकाच अर्थाने कळणारा दुसरा शब्द मला दिसत नाही, तेव्हा तो पाटीवर ठेवाच.

'शिधा' मला फार आवडतो. न शिजवलेलं, मोजून दिलेलं धान्य. ब्राह्मणाला शिधा देतात, देवळात शिधा देतात. पण आज त्या शब्दामागे सरकार उभं आहे. रेशनकार्डाचं मराठी नावच शिधापत्रिका, आणि 2022 च्या दिवाळीपासून 'आनंदाचा शिधा' घरोघरी माहीत झाला: रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल, 100 रुपयांत. तुमच्या दारावर 'शिधा' लिहिलंत की पहिले काही महिने लोक कार्ड घेऊन येतील आणि बंगल्यातले लोक हे रेशनचं दुकान समजून पुढे जातील. शब्दाचा यात दोष नाही, पण पाटी वाचणाऱ्याला तेवढा विचार करायला वेळ नसतो.

सातारची सून

मी पण नावाच्याच शोधात आहे! घरी कांदा-लसूण मसाला, मेतकूट, चटण्या करते. 'सासूबाईंचा मसाला' असं नाव ठरवलंय, पण तो शब्द पाकिटावर मावत नाही. वाणसामान चालेल का मला?

अप्पा

ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. पाकीट हातात धरून वाचतात, तिथे लांब नाव चालतं, आणि 'सासूबाईंचा' हा शब्दच तुमचा माल विकेल. अक्षर लहान करा, नाव बदलू नका. दुकानाची पाटी चालत्या स्कूटरवरून वाचायची असते.

निखिल पाटीवाला

पाटीचं मी सांगतो, रोजचं काम आहे. आमचा ठोकताळा असा की एक इंच उंचीचं अक्षर साधारण दहा फुटांवरून आरामात वाचता येतं. रस्ता चाळीस फुटी असेल तर समोरच्या फुटपाथवरच्या माणसासाठी चार इंच झालं. म्हातारे डोळे आणि तिरका कोन धरला तर मी सहाच्या खाली जात नाही. आणि ही उंची नुसत्या अक्षराची. वेलांटी, मात्रा, रफार, उकार यांना वर-खाली जागा लागते. दहा फुटी गाळ्यावर सहा इंची अक्षरात 'वाणसामान' बसतं, पण पुढे 'किराणा भांडार' लावलंत की एक तर दोन ओळी करा, नाही तर अक्षर बारीक करा. बहुतेक मालक अक्षर बारीक करतात आणि मग पाटी कोणी वाचत नाही म्हणून हळहळतात.

जोडाक्षरांचं पण बघा. 'जिन्नस'मधला 'न्न' जाड अक्षरात लांबून नुसता डाग दिसतो. पाटी छापण्याआधी तिचा फोटो काढा, मोबाईलवर अंगठ्याच्या नखाएवढा करा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना दाखवा. अडखळले तर अक्षर बदलायचं.

कायद्याचं पण लक्षात असू द्या. 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी, देवनागरी पाटी सक्तीची आहे. मराठी अक्षरं आधी हवीत आणि दुसऱ्या लिपीतली त्यांच्यापेक्षा मोठी चालत नाहीत. तेव्हा नाव आधी देवनागरीतच चांगलं दिसलं पाहिजे.

शब्दवेडा

किराणाबद्दल अप्पांचं मान्य. पण वाणसामान सोडायला मी अजून तयार नाही. किती वर्षं आपण चांगले शब्द पाट्यांवरून उतरवत राहणार?

पणजीकर

गोव्यात कोपऱ्यावरच्या अशा दुकानाला 'पसरो' म्हणतात. त्यावर पाटी असली-नसली तरी फरक पडत नाही, कारण लोक 'अमक्याचो पसरो' म्हणूनच ओळखतात. तुमच्याकडेही शेवटी आडनावच राहील असं मला वाटतं. मग आधीपासून आडनावच का देत नाही?

मैत्रेयी

आडनावाचा विचार झाला होता, पण आमच्याच आडनावाचं मेडिकल दोन गल्ल्या सोडून आहे. चिठ्ठी घेऊन मुलगा तिकडे जाईल.

अप्पांचं आणि निखिल यांचं वाचून आम्ही एक करून बघितलं. भावाने ओळखीच्यांना फोन केला, प्रत्येकाला एकच नाव एकदाच सांगितलं आणि म्हणाला, हे मला लिहून पाठवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करून नाव विचारलं. जे कळलं ते जसंच्या तसं देते.

वाणसामान: आजी मंडळींनी लगेच लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सांगितलंही. मुलांना 'सामान' आठवलं, 'वाण' गळून गेलं. खोलीवरच्या मुलांनी vansaman, vaansaman, bansaman असं तीन तऱ्हांनी टाईप केलं.

जिन्नस: आई म्हणाली, हा तर पाककृतीतला शब्द, म्हणजे लक्षात राहिला. शाळकरी मुलीलाही राहिला. पण हिंदी बोलणाऱ्या दोघांना 'जीन्स' ऐकू आलं आणि त्यांनी कपड्यांचं दुकान आहे का म्हणून विचारलं. 'जिन्नस किराणा' असं जोडून सांगितलं तेव्हा कोणी चुकलं नाही.

शिधा: अप्पा म्हणाले तेच झालं. शेजारच्या काकूंनी पहिला प्रश्न केला, 'कार्ड लागेल का?'

पायली: सगळ्यांना उच्चारता आलं. आजोबांनी तर चार शेरांची पायली, तिला माथा कसा भरायचा, हे सगळं सांगितलं. लहानांना माप माहीत नव्हतं, पण शब्द गोड वाटला. payali, payli, paayli असं आलं, म्हणजे फार लांब कोणी गेलं नाही. भावाचं मन आता पायलीवर बसलंय.

अप्पा

चाचणी उत्तम केलीत. 'पायली'ला एक मोठी अडचण आहे आणि ती ऐकताना कळत नाही, बोलताना कळते. मराठीत 'पायलीचे पन्नास' म्हणतात. जे उदंड आहे, ज्याला किंमत नाही, ते पायलीचे पन्नास. स्पर्धक दुकानदाराच्या तोंडी हे पहिल्या आठवड्यात येईल आणि ते नावाला कायमचं चिकटेल. दुसरं, नकाशावर payal शोधणाऱ्यांना पैंजणाची दुकानं दिसतात, त्या गर्दीत तुमची पायली जाईल.

सातारची सून

मला उलट वाटतं. म्हण तोंडात असलेला शब्द कोण विसरेल? आमच्याकडे अजून जुनी पितळी पायली आहे, मी तर ते नाव बघून आत जाईन.

निखिल पाटीवाला

पाटीच्या दृष्टीने 'पायली' सगळ्यांत सोपी. एकही जोडाक्षर नाही, तीन अक्षरं, आठ इंचांपर्यंत जाता येईल.

आता नकाशाचं. गुगलवर दुकानाची नोंद करताना नावाच्या रकान्यात पाटीवर आहे तेवढंच नाव टाकायचं. 'जिन्नस किराणा बेस्ट होम डिलिव्हरी पाथर्डी फाटा' असं भरलंत तर ते नियमात बसत नाही आणि नोंद बंद होऊ शकते. किराणा दुकान हा प्रकार वेगळ्या रकान्यात निवडतात. म्हणून 'किराणा' शब्द नावातच हवा असेल तर तो आधी पाटीवर घ्या, मग तिथे टाकायला कोणाची हरकत नाही. 'फाटा किराणा'चं म्हणाल तर शोधायला सोपं आहे, पण उद्या फाट्यावर दुसऱ्याने दुकान काढलं तर तोही फाटा किराणाच होणार, आणि अशा नुसत्या वर्णनाच्या नावावर हक्क सांगणं अवघड जातं.

अप्पा

निखिल यांच्या बोलण्यात एक जोडतो. पैसे घेण्याचा क्यूआर लावताना नाव तेच राहील हे बघा. पुष्कळ दुकानांत पाटीवर एक नाव आणि पैसे पाठवताना मोबाईलवर मालकाचं भलतंच नाव दिसतं. आजी घाबरतात, पैसे दुसऱ्याला गेले की काय म्हणून. व्यापारी खातं उघडताना दुकानाचं नाव द्यायचं, तीच अक्षरं, तोच रोमन हिज्जा. तुम्ही Jinnas लिहिणार की Jinas, हे एकदा ठरवा आणि पाटी, बिल, नकाशा, क्यूआर सगळीकडे तेच ठेवा.

मैत्रेयी

भावाशी बोलले. 'शिधा' आणि 'फाटा' गेले. 'पायली'वरून आई आणि भाऊ यांच्यात अजून जमलेलं नाही, आईला ती म्हण सहन होत नाही. सध्या पाटीवाल्याकडून 'जिन्नस किराणा' आणि 'पायली किराणा' अशी दोन्ही नखाएवढी चित्रं मागवली आहेत, 'न्न' मोकळा दिसेल असं अक्षर शोधून.

एक शंका राहिली. दुकानात दूध, ब्रेड, वह्या, शाम्पूही असणार. 'किराणा' म्हटल्यावर मुलं वही-पेन्सिलीसाठी येतील का?

शब्दवेडा

त्यासाठीच लोक 'किराणा व जनरल स्टोअर्स' लिहितात. आमच्या गल्लीत तरी मुलं पेन्सिल 'जनरल'मध्येच आणायला जातात, किराण्यात मागत नाहीत.

अप्पा

आमच्या भागात मुलं किराण्यातच वह्या मागतात. हे गल्लीगल्लीत बदलतं. पाटीवर शब्द वाढवू नका. वह्या-पेन्सिली दरवाज्यातून दिसतील अशा पहिल्या फळीवर, मुलांच्या उंचीला मांडा. महिनाभर बघा आणि इथे कळवा.