टॉर्क मोडवरच्या वाइंडरला कोअरजवळ रोल ढिला पडतो, लोड सेल घ्यावा का?

रात्रपाळी_अंबड

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबडमध्ये आमचा एक जुना रिवाइंडर आहे, एलडी फिल्म, ३० मायक्रॉन, रुंदी १ मीटर. डीसी मोटर काढून ३.७ किलोवॅटची एसी मोटर आणि व्हेक्टर ड्राइव्ह बसवला. मोटरला एन्कोडर आहे. टायमिंग बेल्टचं रेशो २.५. कोअर बाहेरून ९० मिमी, भरलेला रोल ६०० मिमी, लाइन स्पीड १५० मीटर प्रति मिनिट. ड्राइव्ह टॉर्क मोडवर आहे. पीएलसीमध्ये निप रोलरचा स्पीड भागिले वाइंडरचा स्पीड करून व्यास काढतो, टेन्शन १२० न्यूटन धरून टॉर्क पाठवतो.

तक्रार अशी की कोअरजवळचे थर ढिले आणि वरचे घट्ट. रोल उभा केला की मधला भाग दुर्बिणीसारखा बाहेर येतो. ३०% टेपर टाकून पाहिला, काही फरक नाही. शिवाय थांबवून परत चालू करताना कधी कधी झटका बसून फिल्म तुटते. मालक म्हणतात लोड सेल बसवा आणि विषय संपवा. घ्यावा का? कुणी वापरला असेल तर कुठल्या प्रकारचा ते सुचवा.

वार्पिंगवाला

आमच्याकडे इचलकरंजीत क्रीलला हाच त्रास होता. पावडर ब्रेकची पावडर जुनी झाली होती, बदलली आणि टेन्शन सरळ झालं. तुमचा ब्रेक उघडून बघा आधी.

रात्रपाळी_अंबड

दादा, ब्रेक अनवाइंडरला आहे, तो ठीक चालतो. मधे निप रोलर आहे, त्यामुळे अनवाइंडरचं टेन्शन वाइंडरपर्यंत पोचतच नाही. त्रास गुंडाळायच्या बाजूला आहे.

पाना_बावीस

लोड सेलची गरज नाही. बेअरिंग आणि बेल्ट थोडा टॉर्क खातात. तेवढा ऑफसेट टाका. मी दरवेळी ६% टाकतो आणि मोकळा होतो.

नो_लोड_करंट

पाना_बावीस यांचं निदान बरोबर आहे, पण ६% हा आकडा त्यांच्या मशीनचा, तुमचा नाही. मी ड्राइव्ह कमिशनिंग करते आणि अशा तक्रारीत पहिला प्रश्न हाच विचारते: कोअरवर मोटर मुळात किती टॉर्क देतेय?

तुमचेच आकडे घेऊ. १२० न्यूटनला ९० मिमीच्या कोअरवर शाफ्टला ५.४ न्यूटन-मीटर लागतात. बेल्टच्या अलीकडे, म्हणजे मोटरवर, ते होतात २.१६. तुमच्या मोटरचा रेटेड टॉर्क साधारण २४. म्हणजे कोअरवर मोटर ९ टक्क्यांवर काम करतेय! भरलेल्या रोलला मोटरवर १४.४ लागतात. आता घर्षण समजा १ न्यूटन-मीटर आहे. भरलेल्या रोलला ते चटणीएवढं, पण कोअरवर निम्मं ताट खाऊन टाकतं.

लोड सेल विकत घेण्याआधी एक काम करा. फिल्म न लावता, नुसता कोअर चढवून, ड्राइव्ह स्पीड मोडवर घ्या. मोटर २००, ७०० आणि १३०० आरपीएमवर प्रत्येकी दोन मिनिटं चालवा, स्पीड स्थिर झाल्यावर टॉर्क टक्क्यांत लिहून घ्या. सकाळी थंड मशीनवर एकदा आणि तासभर चालल्यावर एकदा. आणि निपचा स्पीड पीएलसीत कुठून येतो तेही सांगा.

रात्रपाळी_अंबड

ताई, आज केलं. मशीन गरम असताना २०० ला ३.५%, ७०० ला ४.२%, १३०० ला ५.२%. सकाळी थंड असताना १३०० ला ६.४% आलं होतं. निपचा स्पीड लाइन ड्राइव्हच्या अ‍ॅनालॉग आउटपुटवरून येतो, १५० मीटरला १० व्होल्ट.

नो_लोड_करंट

मग तुमचा रोल ढिला का, याचं उत्तर तुम्हीच मोजून आणलंत. कोअरवर मोटर साधारण १३०० आरपीएमवर फिरते, तिथे ५.२% म्हणजे १.२७ न्यूटन-मीटर घर्षणात जातात. २.१६ मधून उरले ०.८९. बेल्टमधून पुढे जाऊन त्याचं टेन्शन होतं जेमतेम ५० न्यूटन. भरलेल्या रोलला मोटर २०० आरपीएमवर असते, तिथे घर्षण ०.८५, आणि फिल्मला मिळतात ११३ न्यूटन. म्हणजे स्क्रीनवर १२० दिसतंय आणि फिल्मवर ५० पासून ११३ पर्यंत चढत जातंय. ढिल्या कोअरवर घट्ट थर बसले की रोल सरकणारच. तुमचा टेपर वरचं टेन्शन कमी करत होता, पण कोअरवरची तूट तशीच होती. म्हणून फरक पडला नाही.

एकच ऑफसेट टाकू नका. स्पीडप्रमाणे बदलणारी तीन बिंदूंची टेबल करा आणि ती टॉर्कमध्ये मिळवा. मोजलेल्याच्या ९० टक्केच भरा. जास्त झालं तर फिल्म नसताना शाफ्ट आपोआप फिरायला लागतो. ऑपरेटरचा हात कोअरवर असतो तेव्हा हे नको.

आता झटका. १० व्होल्टला १५० मीटर, तर ५ मीटरच्या क्रॉलला मिळतात ०.३३ व्होल्ट. अ‍ॅनालॉगमध्ये ५० मिलिव्होल्टचा ऑफसेट असला तरी व्यास १५% चुकला, आणि टॉर्क त्याच प्रमाणात. २० मीटरच्या खाली व्यास गोठवा, थांबण्याआधीचा शेवटचा तसाच धरा. जमलं तर भागाकार सोडूनच द्या. निपला एन्कोडर आणि वाइंडर शाफ्टला एक प्रॉक्सी लावा. शाफ्टच्या एका फेरीत निपवरून जेवढी फिल्म गेली ती लांबी भागिले पाय, हाच व्यास. यात स्पीड येतच नाही, त्यामुळे कमी स्पीडलाही भरवसा राहतो.

स्कॅन_टाइम

ताईंची पद्धत चांगली, पण एका फेरीवर करू नका. कोअरवर शाफ्ट ५३० आरपीएमने फिरतो, एक फेरी ११३ मिलिसेकंदांत. पीएलसीचा स्कॅन १० मिलिसेकंदांचा असेल तर तेवढ्यात २५ मिमी फिल्म निघून जाते, आणि कोअरचा घेर २८३ मिमी. सरळ ९% चूक. दहा फेऱ्या मोजा, चूक १ टक्क्याच्या आत येते. दहा फेऱ्यांत व्यास फक्त ०.६ मिमी वाढतो, त्यामुळे घाई नाही.

```
IF RevCount - RevOld >= 10 THEN
  Dnew := DINT_TO_REAL(NipCount - NipOld)
          * MmPerCount / (10.0 * 3.14159);
  IF ABS(Dnew - D) < 5.0 THEN
    D := D + 0.3 * (Dnew - D);
  END_IF;
  RevOld := RevCount;
  NipOld := NipCount;
END_IF;
```

५ मिमीपेक्षा जास्त उडी आली तर ती वाचनातली गडबड समजून सोडून देतो.

रात्रपाळी_अंबड

चार दिवसांनी लिहितोय. घर्षणाची टेबल टाकली, ९० टक्क्यांनी. पहिल्याच रोलला कोअर हाताला कडक लागला, दाबला तर बोट आत जात नाही. क्रॉलचा झटकाही गेला.

पण काल वेगळंच झालं. फिल्म तुटली म्हणून अर्धा रोल काढून ठेवला होता, साधारण ३५० मिमीचा. तोच परत चढवला, ऑपरेटरने सवयीने नवीन रोलचं बटण दाबलं, व्यास ९० झाला. मशीन चालू केलं तर फिल्म लोंबकळायला लागली आणि स्क्रीनवर व्यास ९० वरून हलेना.

स्कॅन_टाइम

माझी चूक. ३५० आणि ९० मधला फरक ५ पेक्षा मोठा, म्हणून कोड खरं वाचनही कायम नाकारत बसला. ती `IF` काढा आणि बदलावर मर्यादा घाला:

```
D := D + LIMIT(-2.0, 0.3 * (Dnew - D), 2.0);
```

नो_लोड_करंट

एवढ्याने भागणार नाही. एका वेळी २ मिमी, तर ९० वरून ३५० ला पोचायला १३० वाचनं, म्हणजे जवळपास साडेनऊ मिनिटं. तोवर शे-दीडशे मीटर नाही, चौदाशे मीटर माल ढिला गेला. सुरू झाल्यावर एकापाठोपाठची दोन वाचनं एकमेकांशी जुळली, तर ती एकदाच पूर्ण स्वीकारा, टॉर्क मात्र रॅम्पने चढवा. त्यानंतर ही मर्यादा लागू करा. शाफ्ट उलटा जॉग केला असेल तर पहिलं वाचन फेकून द्या.

आणि फिल्म तुटली म्हणालात म्हणून विचारते, तुटल्यावर मोटर कुठपर्यंत पळाली?

रात्रपाळी_अंबड

१४५० पर्यंत. ऑपरेटरने इमर्जन्सी दाबली.

नो_लोड_करंट

हे आजच बंद करा. टॉर्क मोडमध्ये ओढायला फिल्म नसेल तर मोटर स्पीड लिमिटपर्यंत पळत जाते. लिमिट कायम १४५० ठेवू नका, चालू व्यासावरून काढा: लाइन स्पीडला जेवढा आरपीएम हवा त्याच्या १०% वर. तुमचा भरलेला रोल अडीचशे किलोचा आहे. ६०० मिमी व्यासाला मोटर १४५० वर गेली तर रोलचा पृष्ठभाग हजार मीटर प्रति मिनिटाच्या वर जातो. आणि तुटल्याचं कळताच व्यास गोठवा, कारण फिल्म नसताना वाइंडर पळतो, निपवरून लांबी तेवढीच जाते आणि गणित व्यास कमी दाखवायला लागतं. व्यास कमी दिसला की स्पीड लिमिट उलट वाढतं.

पाना_बावीस

मान्य, ६% चा हट्ट सोडतो. पण अ‍ॅक्सिलरेशनबद्दल कुणी बोललंच नाही. मोठ्या रोलला थांबवताना फिल्म ताणली जाते, ते घर्षणाच्या टेबलने कसं जाईल?

नो_लोड_करंट

नाही जाणार. भरलेल्या रोलचं इनर्शिया साधारण ११.७ किलो-मीटर वर्ग. १५० वरून १० सेकंदांत थांबवलं तर रोल स्वतःच्या वेगाने पुढे पळू पाहतो आणि फिल्मवर ३२ न्यूटन जास्त येतात. १२० चे १५० झाले. वेग घेताना उलट, तेवढेच कमी. ३० मायक्रॉनची १ मीटर रुंद फिल्म हे सहन करते, म्हणून तुम्हाला जाणवलं नसेल. रॅम्प ३ सेकंदांचा केलात तर टेन्शन दुपटीजवळ जाईल, मग इनर्शिया कॉम्पेन्सेशन लागेलच. रोलचं इनर्शिया व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतं, त्यामुळे तिथे व्यास बरोबर असणं आणखी महत्त्वाचं.

वार्पिंगवाला

म्हणजे ब्रेक नव्हता तर.

रात्रपाळी_अंबड

नव्हता दादा 🙂

ताई, दोन शंका राहिल्या. एक, मोटर भरलेल्या रोलवर २०० आरपीएमला जवळपास ६०% टॉर्क देते आणि पंखा तिच्याच शाफ्टवर आहे. हात लावला तर चटका बसतो. दोन, सकाळी थंड मशीनवर घर्षण ६.४% आणि तासाभराने ५.२%. टेबल गरम मशीनची आहे, त्यामुळे रोजचा पहिला रोल अजूनही कोअरला थोडा मऊ येतो.

नो_लोड_करंट

पहिल्याला वेगळ्या मोटरचा ब्लोअर लावा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. दुसऱ्यासाठी काही जण रोज सकाळी मशीन रिकामं पाच मिनिटं चालवतात, काही जण थंड आणि गरम अशा दोन टेबल ठेवतात.

पाना_बावीस

किंवा सकाळचा पहिला रोल कमी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला पाठवा.

स्कॅन_टाइम

मी असतो तर इथे लोड सेलच घेतला असता, निदान कोअरवरचं ट्रिम करायला. टॉर्कचं गणित मुख्य ठेवायचं आणि लोड सेलने फक्त १०% इकडे तिकडे करायचं. लोड सेलवर पूर्ण भिस्त ठेवली तर पीआयडी व्यासागणिक परत ट्यून करत बसावा लागतो.

नो_लोड_करंट

३० मायक्रॉनला मी नसता घेतला. १२ मायक्रॉनचा माल आला तर घेईन.

रात्रपाळी_अंबड

मालक पुढच्या महिन्यात १५ मायक्रॉनची ऑर्डर घेतोय म्हणाले आहेत.