प्रतिसाद: आधी भेग मोजा

> शेजारी तळघरासाठी खणलंय. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या विटांच्या घराला भेग पडली. ठेकेदार अंडरपिनिंग करा, म्हणजे पाया आणखी खोल न्या, म्हणतो. करावं का?

इतक्यात नको. आधी भेगेत टॉर्च मारून बघा. आत धूळ, जाळी, जुन्या रंगाचा चुना दिसला तर ती खोदाईच्या आधीची. नागपुरात काळ्या मातीवरची घरं उन्हाळ्यात फाटतात आणि पावसाळ्यात मिटतात, हे नवं नाही.

इतवारीतल्या मामाच्या घरी असंच झालं होतं. पाया जमिनीखाली १.२ मीटर, शेजारचा खड्डा भिंतीपासून २ मीटरवर आणि ४ मीटर खोल. पायाच्या तळापासून खड्ड्याकडे खाली ४५ अंशांची रेघ काढली, तर २ मीटर अंतरावर ती ३.२ मीटरपर्यंतच उतरते. खड्डा त्याखाली गेलेला, म्हणजे पायाखालच्या मातीचा आधार सुटायचा धोका खरा होता. भेग तिरपी, वर रुंद, खड्ड्याकडचा कोपरा खचल्यावर पडते तशी. आम्ही भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून दर रविवारी कॅलिपरने अंतर मोजलं. सहा आठवड्यांत दीड मिलिमीटर वाढली. तळघराची भिंत ओतून मागे भराव झाल्यावर वाढ थांबली. मग चुन्याच्या मसाल्याने भेग भरली, झालं.

आधाराची भिंत झाल्यावरही भेग वाढतच राहिली, तरच अंडरपिनिंगचा विचार करा, तोही स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवून. एकच कोपरा खोल नेला, तर उरलेलं घर काळ्या मातीबरोबर हलत राहतं आणि जोडावर नवी भेग पडते. तुमचा खड्डा किती खोल आहे आणि भिंतीपासून किती लांब, ते लिहा.