मदत हवी आहे: अरबी कोशात ‘इस्तक़लत’ कुठल्या धातूखाली शोधायचा?

मीनाक्षर: एका मुलाखतीत ‘इस्तक़लत मिन मन्सिबी’ असं वाक्य आहे. स्वरचिन्हं नाहीत, नुसतं अलिफ-सीन-ता-क़ाफ-लाम-ता. हान्स वेअरच्या कोशात क़ाफ-लाम-लाम धातूखाली दहाव्या रूपात, म्हणजे ‘इस्त’ने सुरू होणाऱ्या साच्यात, कमी लेखणे, वाहनात बसणे, स्वतंत्र होणे असे अर्थ मिळाले. ‘माझ्या पदापासून स्वतंत्र’? काही जुळत नाही.

दख्खनी: हे राजीनाम्याबद्दल दिसतंय. राजीनाम्याला उर्दूत इस्तीफा म्हणतात. ऐन-फा-वाव खाली बघा, आपलं ‘माफ’ तिथलंच.

कोशकीडा: दख्खनी, इस्तीफ्याचा धातू बरोबर सांगितलात, पण इथला शब्द वेगळा आहे.

मीनाक्षर, सुरुवातीचं ‘इस्त’ आणि शेवटची ता काढली की क़ाफ-लाम एवढंच उरतं. तिसरं अक्षर दडलेलं आहे. एक तर लाम दोनदा आहे, नाहीतर मधला वाव किंवा या गळला आहे. आता ‘मन्सिबी’ पाहा. शेवटचा ‘ई’ म्हणजे ‘माझं’, म्हणून कर्ताही ‘मी’च असणार. लाम दोनदा असता तर ‘मी’च्या रूपात दोन्ही लाम सुटे लिहिले असते, इस्तक़ललतु. इथे एकच लाम आहे, म्हणजे तुम्ही पाहिलेला धातू बाद. मधला स्वर मात्र ‘मी’च्या रूपात आखूड होतो, इस्तक़ाल चं इस्तक़लतु, आणि त्याबरोबर लिहिलेला अलिफही जातो.

पश्चिमवारा: मग सोपं आहे. वर्तमानकाळ यस्तक़ीलु, त्यात या दिसते, म्हणून धातू क़ाफ-या-लाम.

कोशकीडा: धातू बरोबर, कारण चूक. दहाव्या रूपाच्या वर्तमानकाळात मधला वावसुद्धा ‘ई’ होतो. यस्तक़ीमु चा धातू क़ाफ-वाव-मीम आहे. त्यामुळे रूपावरून वाव की या ते कळत नाही, दोन्ही नोंदी उघडून पाहाव्या लागतात. वेअरमध्ये आधी साधं क्रियापद, मग रोमन आकड्यांची रूपं, मग नामं. थेट X गाठा. क़ाफ-वाव-लाम म्हणजे ‘बोलणे’, तिथे राजीनामा मिळणार नाही. क़ाफ-या-लाम खाली मिळेल.

तिथेही पहिला अर्थ उचलू नका. ‘रद्द करण्याची विनंती करणे’, ‘क्षमा मागणे’ हेही आहेत. पुढे ‘मिन’ आणि पद आलं की पद सोडणे. उलट पुढे ‘अत्-ताइरा’, म्हणजे विमान, असतं तर हीच सहा अक्षरं इस्तक़ल्लत वाचायची. ती विमानात बसली.

मीनाक्षर: सापडलं! पण त्याच धातूखाली दुपारची झोपही आहे, क़ैलूला. झोपेचा राजीनाम्याशी काय संबंध?

कोशकीडा: राजीनाम्याचा धागा चौथ्या रूपातून लागतो. इक़ाला म्हणजे झालेला सौदा परत फिरवणे, फिक़्हमधली, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्रातली, नेहमीची संज्ञा. इस्तिक़ाला म्हणजे तसं मोकळं करण्याची मागणी. झोपेशी नातं मला पटेल असं कुठे दिसलेलं नाही. एकाच धातूखाली छापलं म्हणून अर्थ एकाच मुळातून आले असं गृहीत धरू नका.

पश्चिमवारा: दुपारी काम थांबवतात, तेच असेल की.

दख्खनी: मग इस्तीफा अरबीत चालतच नाही का?