मदत हवी आहे: तीन मजली घराला लावलेली पाड, म्हणजे परांची, रोज सकाळी माणसं चढण्याआधी नेमकी कशी तपासायची?

नवाओव्हरसियर

नमस्कार मंडळी. बेसा रोडकडच्या एका साइटवर सुपरवायझर म्हणून लागून मला दोनच महिने झाले आहेत. तळमजला आणि वर दोन, असं घर आहे. समोरच्या बाजूला बाहेरच्या प्लास्टरसाठी एच-फ्रेमची पाड उभी आहे. लांबी १४ मीटर, दोन-दोन मीटरचे पाच थर, म्हणजे उंची १० मीटर. फ्रेमची रुंदी सव्वा मीटर. रोज सात-आठ माणसं चढतात.

परवा रात्री मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला. सकाळी पाहिलं तर बाहेरच्या रांगेतल्या एका पायाची प्लेट चिखलात साधारण ३ सेंटीमीटर खचली होती. ठेकेदाराला दाखवलं. ते म्हणाले, "पाड बांधली तेव्हाच तपासली आहे, वर काही हललं का? चढू दे." मी तासभर थांबवून धरलं, मग माझाच धीर सुटला. मिस्त्री फुटावर काम करतात, त्यांची तोंडं वाकडी झाली होती. दिवस निभावला, पण रात्री झोप लागली नाही.

बांधणारी टोळी दुसऱ्या साइटवर गेली आहे. सकाळी माझ्या हातात १५-२० मिनिटं असतात. तेवढ्यात काय पाहू, कुठून सुरुवात करू आणि काय दिसलं की काम थांबवायचंच?

हेल्मेटधारी

सोपं आहे. खालून खांद्यानं जोरात धक्का द्या. पाड हलली नाही तर ठीक, हलली तर बांधणीवाल्याला बोलवा. आणि सगळ्यांना बेल्ट घालायला लावा, मग काळजी नाही.

आठवडी_तपासणी

रोजची गरज नाही. ब्रिटनमध्ये सात दिवसांतून एकदा तपासणी असते, तेवढी आपल्यालाही पुरे. रोज पाहत बसलात तर काम कधी करणार?

पाडवाले_काका

सव्वीस वर्षं झाली पाड बांधतो आणि भाड्यानं देतो, म्हणून लिहितो. नव्या भाऊ, तासभर थांबवलं ते बरोबर केलं. सोडून दिलं ते चूक.

सात दिवसांचं खरं आहे, पण अर्धंच. ती सविस्तर, लेखी तपासणी झाली, आणि पाऊस-वाऱ्यानंतर पाडीवर परिणाम होण्यासारखं काही घडलं तर ती तिकडंही पुन्हा करावी लागते. अमेरिकेत तर प्रत्येक पाळीच्या आधी जाणकार माणसानं पाहायचा नियम आहे. आणि आपल्याकडं काळ्या मातीत पावसाळा म्हणजे रात्रीतून जमीन बदलते.

आता तुझा पाय. फ्रेम सव्वा मीटर रुंद. बाहेरचा पाय ३ सेंटीमीटर खाली गेला आणि फ्रेम सरळच्या सरळ कलली असं धरू, तर १० मीटरवर वरचं टोक भिंतीपासून २४ सेंटीमीटर बाहेर जायला पाहिजे. गेलं नाही न? काहून? बाजूच्या फ्रेमांनी आणि पाडीला भिंतीशी जोडणाऱ्या बांधणीनं धरून ठेवलं म्हणून. म्हणजे "वर काही हललं नाही" ही खुशखबर नाही. वजन दुसऱ्याच्या खांद्यावर गेलं, एवढाच त्याचा अर्थ.

हे ओळखायची खूण सांगतो. प्रत्येक पायाची प्लेट बुटानं हलवून पाहा, आणि पायाखाली उंची जुळवायचा जो स्क्रू असतो, त्या जॅकचा नट हातानं फिरवून पाहा. नट हातानं सहज फिरला, प्लेट हलली, तर तो पाय लटकतो आहे, त्याच्यावर वजन नाही आणि शेजारचे दोन जास्तीचं उचलत आहेत. प्लेट खचलेली दिसते आणि नट घट्ट असेल तर पाय मातीबरोबर खाली बसला, मग ओळंबा लाव. दोन्हीत माणूस चढवायचा नाही. धक्का देऊन हे कळत नाही, हेल्मेटवाले भाऊ. लटकलेल्या पायाची पाड धक्क्याला मस्त घट्ट वाटते. बांधणी सुटली असेल तर मात्र धक्क्यानं कळू शकतं, तेवढं तुमचं बरोबर. बेल्ट घाला, पण हुक अडकवता कुठं? त्याच पाडीच्या पाइपाला. पाड गेली तर बेल्टही तिच्यासोबत जातो.

बाहेरची रांग दिसते म्हणून सगळे तीच पाहतात. भिंतीजवळची आधी पाहा. तिथं दोन गोष्टी असतात. घराच्या पायासाठी खड्डा खोदून परत भरलेली माती भिंतीलगतच असते, आणि ती बहुतेक नीट ठोकलेली नसते. दुसरं म्हणजे तराईचं पाणी. रोज भिंतीवर मारता ते खाली कुठं जातं? त्याच भरलेल्या मातीत. त्यामुळं पाऊस नसला तरी आतली रांग खचते.

ऑरेंजसिटीकर

रोज तपासता ते चोरीसाठी का? आमचं घर झालं तेव्हा रात्रीतून क्लॅम्प आणि पिना गायब व्हायच्या, भंगारात जायच्या. शेवटी चौकीदार ठेवला. भाड्याच्या मालाचे पैसे आमच्याकडून कापले, ते वेगळंच. हे पैसे मालकानं द्यायचे की ठेकेदारानं, कुणाला माहीत आहे?

नवाओव्हरसियर

दादा, मी चोरीबद्दल नव्हतं विचारलं. पण पिना मी कधी पाहिल्याच नाहीत. काका, त्याही पाहायच्या का?

पाडवाले_काका

पाहायच्या न! ऑरेंजसिटीकर विषय सोडून बोलले, पण कामाचं बोलले. वरची फ्रेम खालच्यात नुसती बसवलेली असते, पिन नसेल तर वर उचलली जाऊ शकते. तिरपे पट्टे ज्या खिट्टीत अडकतात तिथली एक खिट्टी उघडी राहिली तरी तो पट्टा बिनकामाचा. पैशाचं मला विचारू नका, करारात असेल तसं.

पण माझ्या मते पायानंतर सर्वात मोठी गोष्ट भिंतीची बांधणी. साधा अंदाज असा की रुंदीच्या चौपटीपेक्षा उंच पाड स्वतःच्या भरवशावर उभी ठेवत नाहीत. तुझी सव्वा मीटर, म्हणजे पाच मीटर. तू दहावर आहेस. वरचा अर्धा भाग बांधणीच्या भरवशावर उभा आहे.

आणि बांधणी कोण काढतो? वारा नाही, प्लास्टरवाला. पाइपाचा तुकडा मध्ये येतो, थापी चालत नाही, म्हणून सोडतो. "लावतो नंतर" म्हणतो. नंतर विसरतो. कधी काढलेल्या पाइपाऐवजी खिडकीच्या ग्रिलला बाइंडिंग तार गुंडाळतो. तार ओढ धरते, ढकल धरत नाही, आणि ग्रिल चार स्क्रूवर असते. खरी बांधणी म्हणजे खिडकीच्या खोबणीतून आत गेलेला पाइप, आतून आडवा पाइप क्लॅम्पनं घट्ट, किंवा बीममध्ये बसवलेला बोल्ट.

म्हणून एक काम कर. १४ मीटरमध्ये दोन-दोन मीटरवर धरलं तर तुझ्या आठ फ्रेम होतात. आमच्या हातची पाड असती तर आम्ही ४ आणि ८ मीटर उंचीवर एकाआड एक फ्रेम बांधली असती, म्हणजे चार आणि चार, आठ. तुझी बांधणाऱ्यानं कशी केली ते त्यालाच फोन करून विचार. जेवढ्या असतील तेवढ्यांवर लाल रंगाचा ठिपका मार. मग सकाळी अभ्यास लागत नाही, नुसती मोजणी. आकडा कमी आला की त्या मिस्त्र्याला नाही, त्याच्या टोळीच्या मुकादमाला धर.

चढून पाहायचं असेल तर पायांची रांग नीट झाल्यावरच, आणि एकट्यानं. चढताना फळ्या पाहा. प्रत्येक फळीचं टोक आधाराच्या पुढं साधारण वीतभर असावं. कमी असेल तर घसरते, जास्त असेल तर टोकावर पाय पडताच पलटी मारते. काल उरलेला मसाला वर ठेवून गेले असतील तर तो आधी खाली.

हेल्मेटधारी

ठीक, नटाचं माहीत नव्हतं. पण काका, हिरवी जाळी लावली असेल तर? वारा अडतो न. आमच्या साइटवर वादळाआधी जाळी खाली घेतात.

पाडवाले_काका

जाळीनं वाऱ्याचा जोर वाढतो, हे खरं. पण काढायची का, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. काढायला वर चढायचं कुणी, आभाळ आल्यावर? मी जाळी असेल तर बांधणी वाढवतो. माझा भाऊ जाळी काढतो. दोघंही आपापलं खरं समजतो.

नवाओव्हरसियर

आजचं सांगतो. पहाटे पावणेसहाला गेलो, मजूर यायच्या आधी. खचलेल्या पायाचा नट दोन बोटांनी फिरला. आतल्या रांगेत पाहिलं तर आणखी दोन पाय लटकलेले, दोन्ही जिथं तराईचं पाणी उतरतं तिथले. वरून कुणालाही कळलं नसतं.

बांधणीवाल्याला फोन केला. तो म्हणाला आठ बांधणी टाकल्या होत्या. मला खालून पाच दिसल्या, त्यातली एक ग्रिलला तारेनं. म्हणजे चारच खऱ्या.

शिडी सोडून आत नेऊन ठेवली. "चढू नका" अशी पाटी लावली असती तर कुणीतरी चढलंच असतं. टोळी दहाला आली. त्यांनी खालच्या थरांवरचा माल उतरवला, चिखल काढून मुरूम ठोकला, एका पायाखाली एक तुकडा न ठेवता दोन-दोन पायांखाली मिळून लाकडाच्या जाड पाट्या घातल्या. माझा मुकादम विटा ठेवायला निघाला होता, टोळीवाल्यानं त्याला हाकललं, विटा चुरतात म्हणून. मग जॅक नुसता टेकेपर्यंत फिरवला, वर उचलला नाही. ओळंबा लावला, चार नव्या बांधणी टाकल्या, आठ ठिपके मारले. तराईच्या पाण्याला बाहेर काढणारी चारी उद्या खोदणार आहे.

मिस्त्री दुपारी दोनला चढले. अर्ध्या दिवसाचे पैसे ते मागत आहेत. ठेकेदार म्हणतात सुपरवायझरनं थांबवलं, सुपरवायझरनं द्यावेत. मालक म्हणतात पाड ठेकेदाराची. यावर कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

आठवडी_तपासणी

सात दिवसांचं मी मागे घेतो, निदान पावसाळ्यापुरतं. पैशाचं मात्र लेखी असल्याशिवाय कुणी देत नाही. आमच्याकडे पाडीची वही असते, सकाळी वेळ, किती बांधणी, किती पाय हलले ते लिहून मुकादमाची सही घेतो. पुढच्या वेळी थांबवताना तेवढं हातात असू द्या.

नवाओव्हरसियर

वही आज घेतली. काका, एक राहिलं. आता दोन दिवस ऊन पडलं तर ही माती परत आटेल न? मग आज घट्ट केलेले नट सैल होतील का?

पाडवाले_काका

होऊ शकतात. म्हणूनच उद्याही फिरवून पाहा.