सल्ला हवा: सिंकमध्ये ड्रेनची पावडर टाकली, पाणी हललं नाही. आता अ‍ॅसिड टाकू का?

अनुजा_इंदूर
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरला लोकमान्य नगरमध्ये राहतो, घर सासऱ्यांनी बांधलेलं, चाळीस वर्षांचं तरी आहे. रविवारी घरी दाल-बाफल्यांचा बेत होता, सोळा माणसं. तुपाने माखलेल्या पराती आणि ताटं सगळी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्येच धुतली. आज सकाळी बघते तर पाणी तुंबलेलं.

किराणा दुकानातून ड्रेन साफ करायच्या पावडरची ५० ग्रॅमची दोन पाकिटं आणली. एक टाकलं, अर्ध्या तासाने दुसरं. फसफसलं, वाफ आली आणि मग सगळं शांत. पाणी तिथल्या तिथेच आहे. सिंक निम्मं भरलंय आणि पाणी बोटांना निसरडं लागतं. शेजारचे काका म्हणतात, वर संडासचं अ‍ॅसिड ओत, लगेच मोकळं होईल. घरात प्लंजर आहे आणि मैत्रिणीने दिलेली एंझाइमची बाटलीही आहे. आधी काय वापरू? सिंकखाली प्लास्टिकचा बॉटल ट्रॅप आहे आणि त्यातून घड्यांची पांढरी नळी भिंतीत जाते.

विवेक_राजेंद्रनगर
ताई, अ‍ॅसिड अजिबात नको, प्लास्टिकचा पाइप विरघळेल. दोन मोठे चमचे खायचा सोडा टाका, वर वाटीभर व्हिनेगर, दहा मिनिटांनी पातेलंभर उकळतं पाणी. आमच्याकडे दर महिन्याला हेच करतो, कधी तुंबलं नाही.

ग्वाल्हेरचा_सुहास
आमच्या बाथरूममध्येही हाच त्रास आहे. न्हाणीची जाळी उचलून वाकवलेल्या तारेने केसांचा गुंता बाहेर काढला की महिनाभर प्रश्न नसतो. तार आहे का तुमच्याकडे?

अनुजा_इंदूर
सुहासदादा, बाथरूमचं पाणी व्यवस्थित जातंय. फक्त स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलंय.

पाइपवाले_काका (बडोदा)
अनुजाताई, थांबा. आत्ता त्यात काहीही टाकू नका. अ‍ॅसिड नाही, व्हिनेगर नाही, उकळतं पाणी नाही, आणि प्लंजर तर मुळीच नाही. तीस वर्षं नळकामाचे ठेके घेतले. या कामात माणसं भाजतात ती पहिल्या पाकिटाने फारशी नाही, त्यानंतर केलेल्या दुसऱ्या उपायाने.

तुम्ही टाकलंत तो मुख्यतः कॉस्टिक सोडा. तो पाण्यात विरघळला की खूप तापतो. काही पावडरींत अ‍ॅल्युमिनियमचे बारीक कणही असतात, त्यांच्यामुळे फसफस होते आणि हायड्रोजन सुटतो. म्हणून सिंकशेजारचा गॅस आत्ता बंद ठेवा आणि खिडकी उघडा. निसरडं लागतंय याचा अर्थ कॉस्टिक अजून त्या पाण्यात आहे आणि तुमच्या बोटांची कातडीच त्याने साबणासारखी होऊ लागली आहे. आधी हात वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरा. वर लिंबू किंवा व्हिनेगर लावू नका.

आता अ‍ॅसिडचं. कॉस्टिकवर अ‍ॅसिड पडलं तर क्षणात एवढी उष्णता निघते की पाणी उकळून तोंडावर उडतं. नळी अरुंद, खाली बूच बसलेलं, म्हणजे उडायला जागा फक्त वरच. आणि घरात कपड्यांचं ब्लीच असेल तर तेही दूर ठेवा. ते संडासच्या अ‍ॅसिडला मिळालं की क्लोरीन वायू होतो.

विवेकराव, अ‍ॅसिड नको हे तुमचं बरोबर, पण कारण वेगळं आहे. संडासच्या बाटलीतल्या अ‍ॅसिडने पीव्हीसी विरघळत नाही. ते खातं सिमेंटचे सांधे, स्टीलच्या सिंकची चकाकी आणि खालची कोटा फरशी. चाळीस वर्षांच्या घरात बाहेरची लाइन बहुधा चिनी मातीच्या पाइपांची, सिमेंटने सांधलेली असते. तिथे ते आतून सांधे कुरतडतं आणि दोन वर्षांनी भिंतीला ओल दिसते, तेव्हा कुणाला अ‍ॅसिड आठवत नाही. प्लास्टिकचा शत्रू उष्णता. कॉस्टिकनेही पीव्हीसी खराब होत नाही, पण पावडर ट्रॅपच्या तळाशी ढिगाने बसली आणि तिथे थोडंच पाणी असलं तर तो भाग तापून मऊ पडतो. घड्यांची नळी मध्येच झोल खाते आणि त्या झोलात पुढे कायम तूप साचतं. उकळतं पाणीही तेच करतं. सोडा आणि व्हिनेगर एकमेकांनाच संपवतात, फेसाला बूच ढकलण्याइतका जोर नसतो. तुमच्याकडे तुंबत नाही ते बहुधा महिन्यातून एकदा पातेलंभर गरम पाणी जातं म्हणून.

अनुजा_इंदूर
काका, हात धुतले. आता सिंकमधल्या पाण्याचं काय करू? आणि दोन पाकिटं टाकूनही मोकळं का झालं नाही?

पाइपवाले_काका (बडोदा)
मोकळं न होण्याचं कारण बहुतेक ट्रॅपमध्येच सापडेल. तुंबलेल्या पाण्यात दाणे सरळ खाली जाऊन बसतात, वरचे विरघळतात, खालचे एकमेकांना चिकटून थंड झाले की खड्यासारखे घट्ट होतात. शिवाय कॉस्टिक आणि तूप मिळून साबण होतो, आणि पाणी बोरिंगचं, जड असेल तर त्या साबणाची न विरघळणारी साय धरते. म्हणजे तुपाच्या बुचावर आणखी एक बूच.

आता असं करा. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांवर बाजूंनी झाकणारा चष्मा, पूर्ण बाह्यांचा जुना कपडा. मुलं बाहेर. प्लास्टिकच्या बादलीत आधी अर्धी बादली साधं पाणी घ्या, मग प्लास्टिकच्या मगाने सिंकमधलं पाणी हळूहळू त्यात सोडा. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरू नका, कॉस्टिक त्याला खातं. संडास दोनदा फ्लश करून त्यात अ‍ॅसिड उरलं नाही याची खात्री करा आणि मग ते पातळ पाणी थोडं थोडं तिथे ओता. कुंडीत किंवा अंगणात टाकू नका.

मग ट्रॅपला बाहेरून हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट जरी लागला तरी तासभर थांबा. पूर्ण गार झाल्यावर खाली प्लास्टिकचं टोपलं ठेवून वाटी हाताने हळू सोडवा, तोंड बाजूला ठेवून. पाना लावू नका, आटे तुटतात. आत खडा असेल तर ठोकू नका, तुकडा उडतो. वाटी भरपूर पाण्याच्या बादलीत टाकून रात्रभर सोडा, किंवा सरळ नवा ट्रॅप आणा. तो फार महाग नसतो, डोळा परत मिळत नाही. काहीही डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या ठेवून किमान पंधरा-वीस मिनिटं नळाखाली धरा आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कॉस्टिक अ‍ॅसिडपेक्षा खोल जातं आणि सुरुवातीला दुखतही नाही फार, त्यामुळे माणूस गाफील राहतो.

मेधा_जोशी_बडोदा
एंझाइमबद्दल मी सांगते, दीड वर्ष वापरतेय. त्यातले जिवाणू आणि एंझाइम तूप, पीठ, डाळीचा थर हळूहळू खातात, पण भरलेलं बूच काढायला ते नाही. रात्री शेवटची भांडी झाल्यावर कोमट पाण्यासोबत सोडायचं आणि सकाळपर्यंत सिंकला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ब्लीच किंवा अ‍ॅसिड टाकलं तर जिवाणू मरतात, पैसे वाया. आमच्या कामवाल्या मावशींना हे समजावायलाच महिना गेला. आज कॉस्टिक गेलंय म्हणजे ताईंनी आज टाकूच नये, चार दिवस साधं पाणी वाहू द्या.

आणि संत्र्याच्या सालींचं, गूळ घालून तीन महिने आंबवलेलं घरगुती बायोएंझाइम लोक त्याच जागी वापरतात. फरशी पुसायला मला ते आवडतं, तुपाच्या थरावर मात्र मला काही फरक दिसला नाही.

नर्मदातीरी
मेधाताई, आमच्याकडे सालींच्याच द्रावणाने वास पूर्ण गेला. दर आठवड्याला दोन कप टाकतो.

मेधा_जोशी_बडोदा
वास जाऊ शकतो, ते आंबट असतं. थर गेला का, हे ट्रॅप उघडल्याशिवाय कळत नाही. एकदा उघडून बघाल का?

अनुजा_इंदूर
काका, झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी लिहितेय. पाणी काढलं, रात्री ट्रॅप गार झाल्यावर सोडवला. तळाशी खरोखर पांढरा खडा, लिंबाएवढा, वर पिवळट साय. वाटी तशीच बादलीत टाकली आणि नवा ट्रॅप आणला. पण तो बसवायच्या आधी भिंतीतल्या पाइपात मगभर पाणी ओतलं तर तेही परत आलं. म्हणजे बूच दोन ठिकाणी होतं ना?

पाइपवाले_काका (बडोदा)
हो, आणि हे दुसरं खरं बूच, थंडीने घट्ट झालेलं तूप. ट्रॅपमध्ये तुमची पावडर अडकली, ती तिथवर पोचलीच नाही. आता नवा ट्रॅप लावून साधं पाणी भरा, दोन-तीन वेळा काढून टाका, निसरडेपणा पूर्ण गेला की मग प्लंजर. रबराची वाटी बुडेल एवढं पाणी हवं. सिंकला वर जादा पाण्याचं भोक असेल तर ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. लोक दाबण्यावर जोर देतात, पण ओढणंही तितकंच महत्त्वाचं आहे. बूच पुढेमागे हलवून फोडायचं असतं. वीस वेळा करा, वाटी तोंडावरून सुटू न देता.

अनुजा_इंदूर
भोक नव्हतं, पण शेजारी दुसरं छोटं सिंक त्याच नळीला आहे. सासूबाईंनी त्यात फडकं दाबून धरलं. फडकं नसताना नुसते बुडबुडे येत होते, धरल्यावर दुसऱ्याच फेरीत खळकन आवाज झाला आणि पाणी भोवरा करत गेलं. मग सोसवेल एवढं गरम पाणी आणि भांड्यांचा साबण सोडला, बाहेरच्या चेंबरमध्ये पांढऱ्या गाठी आलेल्या दिसल्या.

घड्यांची नळी काढून सरळ पाइप लावायचा ठरवलाय. पण प्लंबर म्हणतो, चेंबरपर्यंतच्या लाइनला उतार कमी आहे, अंगण खोदून पूर्ण पीव्हीसी टाका. खोदावं का?

पाइपवाले_काका (बडोदा)
न बघता हो म्हणणार नाही. सिंकमध्ये एक बादली पाणी एकदम सोडा आणि चेंबरचं झाकण उघडून बघत उभ्या राहा. पाणी वेगाने आलं आणि लगेच संपलं तर उतार पुरेसा आहे. खूप वेळ बारीक धार येत राहिली तर प्लंबरचं म्हणणं खरं असू शकतं.

विवेक_राजेंद्रनगर
मला वाटतं खोदूनच टाका, जुना पाइप आज ना उद्या फुटणारच. आमच्या गल्लीत तिघांनी बदलले.

अनुजा_इंदूर
बादलीची चाचणी रविवारी करते, हे घरी असताना, एकाने ओतायचं आणि एकाने बघायचं. तोपर्यंत तुपाची भांडी आधी जुन्या कागदाने पुसून मगच सिंकमध्ये.