मदत हवी आहे: गॅरेजवाले म्हणतात बोअर-पिस्टन, गावचे मिस्त्री म्हणतात सायलेन्सरचं पॅकिंग

दूधगाडी_दारव्हा
नमस्कार. १०० सीसीची जुनी गाडी आहे. रोज पहाटे दोन कॅन बांधून २२ किलोमीटर दूध नेतो. महिनाभरापासून थंडीत गाडी सुरू केली की टकटक आवाज येतो, पाच-सहा किलोमीटर गेल्यावर कमी होतो. तालुक्याच्या एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी दोनदा रेस मारली आणि सांगितलं, पिस्टन ढिला झाला, इंजिन खोलावं लागेल. साडेसहा हजार खर्च. त्या रात्री झोप लागली नाही.

काल पहाटे गावातल्या मिस्त्रींकडे गेलो. मी रेस द्यायला गेलो तर हात धरला. "रेस नोको देऊ गा, मले आयकू दे." लांब पेचकस घेतला, टोक सिलिंडरवर टेकवलं, लाकडी मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. मग हेडवर, मग डाव्या बाजूला टायमिंग चेनपाशी. मी तोंडाकडे पाहत उभा. पेचकस बाजूला ठेवून नुसता कान पुढे नेला, पुन्हा पेचकस लावला. असं तीनदा. मग म्हणाले, "आवाज लोखंडातून येत नाई, हवेतून येते. पिस्टन असता त पेचकसातून ठोकला असता."

ओलं पोतं घेऊन सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबलं. लगेच इंजिनाजवळ, जिथं बेंड हेडला बसतो, तिथून फसफस सुरू झाली. बोटानं दाखवलं, तिथं काळी काजळी धरली होती. "हे पाय. काहून घाबरतं?"

गाडी थंड झाल्यावर जुनं पॅकिंग काढलं, अर्धं जळून गेलेलं. नवं टाकलं, नट आवळले. टकटक गेली. पण आता एक बारीक टिकटिक ऐकू येते, आधी ती मोठ्या आवाजात दबली असावी. ते म्हणतात टॅपेट आहे, गाडी रात्रभर ठेव, सकाळी थंडीत पाहतो.

प्रश्न असा, नुसत्या कानावर विश्वास ठेवून रोज ८० लिटर दूध लादू का? मधेच इंजिन बसलं तर दूध नासतं.

विक्की_वणी
टॅपेट चांगले टाइट करून घ्या, आवाज गायब. माझ्या गाडीचा असाच गेला.

जुना_फिटर
विक्कीभाऊ, टॅपेटचं निदान बरोबर असेल, पण आवाज पूर्ण बंद होईपर्यंत आवळू नका. ढिला टॅपेट नुसता वाजतो. जास्त आवळला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, गरम झाल्यावर गाडी किका मारूनही उठत नाही आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. फटीचा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तो थंड इंजिनाचा असतो. तुमचे मिस्त्री रात्रभर ठेवायला सांगतात ते यासाठीच. मॅग्नेटवरची टी खूण जुळली तरी दोन्ही रॉकर हातानं किंचित हलतात का बघा. हलत नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्या, मग फिलर गेज घाला.

गॅरेजवाल्यांची चूक कशी झाली तेही समजतं. ढिला पिस्टन थंडीत वाजतो आणि गरम झाल्यावर दबतो. पॅकिंगची गळतीही तशीच वागते, कारण धातू फुगून फट बुजते. दोन्ही एकाच वेळी असूही शकतात, म्हणून कानावर थांबू नका. ऑइलची काडी दर आठवड्याला बघा. पातळी उतरत असेल, सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर बोअरचा विचार करावाच लागेल. आणि चढावर लोडमध्ये खालून जाड ठोका आला तर गाडी तिथंच बंद करा, तो आवाज वेगळा.

पुसदची_ताई
माझ्या स्कूटीलाही टिकटिक येते, फक्त चालताना. बेंडच्या पॅकिंगनं जाईल का?

जुना_फिटर
ताई, उभ्या गाडीवर रेस दिली तर येते का? येत नसेल तर पॅकिंगला हात लावू नका, चाकात किंवा ब्रेकमध्ये शोधा. टायरात खडा रुतलाय का ते आधी बघा.

दूधगाडी_दारव्हा
आज सहा वाजता मिस्त्रींनी टॅपेट बघितले. एक्झॉस्टकडची फट जास्त निघाली, गेज सैल जात होतं. बसवल्यावरही किंचित टिकटिक ठेवली, म्हणाले, "एवढी राहू दे, व्हॉल्व्हले श्वास लागते." बेंडच्या एका स्टडचे आटे गेलेत, नट पुन्हा ढिला होईल असं त्यांचं मत. तो बदलायला अजून दिवस मिळाला नाही. काडीवर आज ऑइल वरच्या खुणेला आहे, तारीख वहीत लिहून ठेवली. उद्यापासून एकच कॅन बांधतो, दुसरा भाऊ नेईल. निळा धूर ओळखायला सकाळ बरी की इंजिन गरम झाल्यावर?

जुना_फिटर
दोन्ही वेळी बघा. उतारावर रेस सोडून पुन्हा दिल्यावर मागं वळून पाहा, तेव्हा जास्त दिसतो.